साबणाची वडी किती दिवस पुरते?

नमस्कार बाई,
आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मोठी मुलगी अकरा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी झाली. नवोदयच्या परीक्षेत तिचं नाव लागलं. ह्यांनी त्याच दिवशी स्टेटस ठेवलं, गावात पेढे वाटले. मला मात्र तेव्हापासून झोप नाही. शाळा साकेगावला, पार भुसावळजवळ. सासूबाई म्हणतात, "येवढीशी पोर, तिले कोठे धाडतस?" जाऊ म्हणते, पोरगी एकदा घरातून तुटली की परत आपली होत नाही. मुलगी दिवसा "जाते" म्हणते आणि रात्री माझा पदर धरून झोपते. अजून तिला पाळी आलेली नाही, तिथं आली तर कोणाला सांगेल? धाकटा सहा वर्षांचा, दिवसभर तिच्याच मागे असतो. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस. खाजगी शाळेची फी झेपणारी नाही. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे एसटीनं अमळनेर. कागदपत्रं तपासायला बोलावलंय, दहा दिवस राहिलेत. पाठवू की नको, ते स्पष्ट सांगा.
– एक आई

ताई,

पाठवा. मात्र सात वर्षांसाठी पाठवतेय असं मनात धरू नका. दिवाळीपर्यंत पाठवतेय असं धरा.

असं का म्हणते ते सांगते. तुमच्यापुढच्या दोन वाटा सारख्या नाहीत. आज नाही म्हणालात तर तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलाला जाईल. सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. जिल्ह्यात 15 तालुके आणि जागा 80. त्यानंतरचं दार नववीत उघडतं, तेही वर्गात जागा रिकाम्या असतील तेवढंच, आणि त्याची परीक्षा वेगळी. म्हणजे आजचा नकार जवळजवळ कायमचा.

होकार मात्र कायमचा नाही. दिवाळीनंतर तुम्हाला वाटलं की पोर तिथं सुकतेय, तर गावातल्या शाळेनं तिला परत घ्यायलाच हवं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत वर्षाच्या मधेही प्रवेश मिळतो, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. गावातले गुरुजी तर तिला ओळखतात, दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव येईल. वर्ष वाया जाणार नाही.

फक्त ही परतीची वाट हळूहळू चिंचोळी होत जाते, हे आधीच माहीत असू द्या. नवोदयात सातवी-आठवीपर्यंत मराठीतून शिकवतात. त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास-भूगोल हिंदीतून. बोर्ड सीबीएसई. नववीत काही मुलांना, साधारण तीस टक्क्यांना, वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात पाठवण्याचीही योजना आहे, ते तेव्हाच्या तेव्हा शाळेत विचारा. सहावी-सातवीतून परतलेली मुलगी अमळनेरच्या मराठी शाळेत महिन्याभरात रुळते. नववीच्या मधून परतलेली मुलगी दोन्हीकडची राहत नाही. म्हणून घरात दोनदा बसून बोलायचं, पहिल्यांदा या दिवाळीत आणि दुसऱ्यांदा आठवीच्या उन्हाळ्यात. मधली वर्षं रोज उठून "आणू का, राहू देऊ का" करत बसलात तर तुमचंही रक्त आटेल आणि तिचंही.

पैशाचं एका ओळीत: सहावी ते आठवी काही लागत नाही, आणि नववीपासून इतर मुलांकडून महिन्याला 600 रुपये विकास निधी घेतात तो मुलींना माफ आहे. जायचं-यायचं भाडं आणि वरखर्च तुमचा.

आता तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात खरं आहे. मी धुळ्याला मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं गृहपाल होते. साक्री, शिरपूर, नवापूरकडच्या पोरी असायच्या. सहावीत आलेली पोर दिवाळीला घरी जाते ती थोडी पाहुणी होऊनच जाते. आजीशी अहिराणी बोलताना मधेच हिंदी येतं. तिच्या मैत्रिणींची नावं आईला माहीत नसतात. कोणत्या बाई रागावतात, कोणती भाजी टाकून दिली, दात कधी पडला, असल्या बारक्या गोष्टी ज्या त्या दिवशी सांगितल्या तरच सांगितल्या जातात, त्या राहून जातात त्या राहूनच जातात. पहिल्याच श्रावणात घरात कानबाई बसेल, रोट होतील, आणि ती नसेल. हे नुकसान आहे. चांगल्या शाळेमुळे भरून निघेल असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण समोरचं पारडंही नीट भरा. घरी राहिली तर ती तुमच्याजवळ किती राहील? सातवीपर्यंत दोन वर्षं पूर्ण. आठवीपासून सकाळच्या एसटीनं अमळनेर, संध्याकाळी परत, गाडी चुकली तर अंधार. दहावीनंतर अमळनेर, जळगाव किंवा धुळ्यात खोली करून राहणं आलंच. कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही स्वतः दिवस मावळेपर्यंत शेतात असणार. म्हणजे तुम्ही सोडताय ती सात वर्षांची सोबत नाही. दोन वर्षांची पूर्ण सोबत आणि त्यापुढच्या संध्याकाळी, एवढं ते माप. तेही थोडं नाही, पण मनात भीती उभी राहते तेवढं मोठंही नाही.

दिवसा "जाते" आणि रात्री पदर. अकरा वर्षांच्या पोरीचं हे अगदी खरं उत्तर आहे, दोन्ही अर्ध्यांसकट. तिला आता "जाशील ना?" असं विचारू नका, ती तुमचं तोंड बघून उत्तर देईल. या दहा दिवसांत तिला दोन रात्री मामाकडे किंवा मावशीकडे एकटी ठेवा, धाकट्याला सोबत देऊ नका. परत आली की दिवस कसा गेला ते विचारू नका, दिवेलागणीला काय केलं ते विचारा. वसतिगृहातलं रडू संध्याकाळी सहा ते आठमधलं असतं, सकाळी सगळ्या पोरी धीट असतात. रडली पण जेवली, झोपली, दुसऱ्या दिवशी खेळली, तर ती जाऊ शकते. दोन्ही रात्री मामाला गाडी काढायला लावली आणि मागच्या वर्षीही असंच झालं होतं, तर मी माझं "पाठवा" मागे घेईन. तशी मुलं असतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

एक वाक्य मात्र तिला चुकूनही बोलू नका: "करमलं नाही तर लगेच घ्यायला येईन." आईच्या तोंडून हे निघतंच, मला ठाऊक आहे. ख्रिस्तोफर थर्बर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घराच्या ओढीवर वर्षानुवर्षं काम केलंय, तेही नेमकं हेच वचन देऊ नका म्हणतात. मला ते आमच्या व्हरांड्यातच कळलं होतं. ज्या पोरीला असं वचन मिळालेलं असतं ती रुळायचा प्रयत्नच करत नाही, ती फाटकाकडे बघत दिवस मोजते. आणि बाप आला नाही की तिला दोन दुःखं होतात, एक घराचं आणि एक फसवल्याचं. त्याऐवजी जे खरं आहे ते सांगा. "पहिले काही आठवडे रडू येईल, सगळ्यांना येतं. दिवाळीला घरी आलीस की आपण तिघं बसून ठरवू, आणि त्यात तुझा शब्द धरला जाईल." आणि मग खरोखर धरा.

आता ज्यासाठी तुम्ही खरं घाबरायला हवं त्याकडे येते. घराची ओढ ही घाबरायची गोष्ट नाही. ती तापासारखी असते, पहिल्या पंधरवड्यात चढते, रविवारी आणि फोननंतर उसळते, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत उतरायला लागते. दुसरी गोष्ट उलटी चालते. पोरीला कोणी त्रास देत असेल तर ती सुरुवातीला बरी असते आणि नंतर बिघडत जाते. एक रडते आणि बोलते. दुसरी गप्प होते.

यात मी स्वतः चुकलेय. एक मुलगी आली होती, तुमच्या लेकीएवढीच. पहिल्या दिवसापासून डोळ्यांत पाणी नाही. सकाळी सगळ्यांआधी उठायची, केस विंचरून तयार. मी इतर पोरींना तिचं उदाहरण द्यायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या द्यायचो, त्या महिनाभर पुरायच्या. हिच्या आठ-दहा दिवसांत संपायच्या. मी तिला उधळी म्हणून रागावलेसुद्धा. तिसऱ्या महिन्यात तिची आई आली, तिनं लेकीचे हात हातात घेतले, बोटांची सालं निघालेली पाहिली, आणि मला विचारलं, "बाई, ही कोणाचे कपडे धुते?" वरच्या वर्गातल्या दोन मुलींचे धूत होती. रोज, पहाटे, दिवा न लावता. म्हणून ती सगळ्यांआधी उठायची. अकरा वर्षांत मला एवढं लाजिरवाणं दुसरं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून मी रडणाऱ्या पोरींची काळजी करणं कमी केलं आणि शहाण्या पोरींच्या बादलीत डोकावू लागले.

म्हणून भेटीला जाल तेव्हा "कसं चाललंय?" विचारू नका. त्याचं उत्तर "बरं" असतं. साबणाची वडी किती दिवस पुरते ते विचारा. डब्यातला चिवडा किती दिवसांत संपला, कोणी कोणी खाल्ला ते विचारा. वाटून खाल्ला तर उत्तम, "ताईंनी घेतला" असं उत्तर आलं तर पुढे विचारा. रात्री बाथरूमला कोणाबरोबर जातेस? शेजारच्या खाटेवर कोण? पाच वर्षांपूर्वी थांबलेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालं, पोट रोज एका ठरावीक वेळी दुखतंय, एखाद्या माणसाचं किंवा जागेचं नाव निघालं की ती विषय बदलते, तर दिवाळीची वाट बघायची नाही. हाऊस मास्टरना भेटा, त्याच दिवशी प्राचार्यांना भेटा, आणि बोललेलं कागदावर लिहून द्या. कोणी ऐकत नाही असं वाटलं तर 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो तिलाही पाठ असू द्या.

मोबाइल मुलांजवळ ठेवू देत नाहीत. शाळेच्या फोनवरून ठरलेल्या वेळी बोलणं होतं आणि मागे रांग उभी असते. सगळ्यांदेखत पोर मनातलं सांगू शकत नाही. त्यासाठी दोघींत एक खूण ठरवा. माझ्याकडच्या एका हुशार आईनं ठरवलेली सांगते. तिच्या लेकीला कळण्याची भाकरी मुळीच आवडायची नाही. आईनं सांगून ठेवलं, "फोनवर तू कळण्याची भाकरी मागितलीस की मी समजेन, दुसऱ्या दिवशी येईन." नुसतं करमत नसेल तर ती खूण वापरायची नाही, एवढं पोरीला नीट समजावलं होतं. सहा वर्षांत ती एकदाच वापरली गेली. आई दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं हजर होती.

पाळीचं तुम्ही इथूनच करून पाठवा, तिथल्या मॅट्रनबाईंवर सोडू नका. अकरा-बारा हे त्याचंच वय आहे. काय होतं, किती दिवस, दुखलं तर काय करायचं, हे एका दुपारी निवांत सांगा. पॅड कसं लावायचं आणि वापरलेलं कशात गुंडाळून कुठं टाकायचं ते एकदा करून दाखवा, कोरड्या पॅडवर. तिच्या पेटीत एका कापडी पिशवीत दोन पाकिटं, दोन गडद रंगाच्या निकर आणि थोडा जुना पेपर ठेवा. आणि तिला एक तयार वाक्य द्या, कारण त्या क्षणी पोरीला शब्द सुचत नाहीत: "मॅडम, माझी पाळी सुरू झालीये, मला पिशवी घ्यायला खोलीवर जायचंय." घरी हे वाक्य मोठ्यानं दोनदा म्हणवून घ्या. हसेल, हसू द्या. माझ्याकडे ज्या पोरींना आईनं सांगून पाठवलेलं असायचं त्या अर्ध्या तासात वर्गात परत बसायच्या. ज्यांना सांगितलेलं नसायचं त्या आपल्याला काही आजार झालाय असं समजून दिवसभर लपून राहायच्या.

आणि केस. लांब असतील तर खांद्यापर्यंत कापा, सासूबाई काही म्हणोत. तिथं सकाळी वेणी घालून द्यायला कोणी नसतं, आणि उवा एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जायला एक रात्र पुरते. आतले कपडे धुणं, अंथरुणाची घडी, पेटीचं कुलूप लावून किल्ली सांभाळणं, हे या दहा दिवसांत तिच्या हातानं करून घ्या.

कागदपत्रांसाठी जाल तेव्हा नुसती खिडकीवर रांग लावून परतू नका. मुलींचं निवासस्थान बघायला मागा. बाथरूमच्या दारांना आतून कड्या आहेत का, नळाला पाणी येतं का, रात्री दिवा असतो का, हे डोळ्यांनी बघा. सहावीच्या मुलींच्या सर्वांत जवळ रात्री कोण मोठी बाई झोपते, तिचं नाव काय, हे विचारा आणि तिला भेटल्याशिवाय निघू नका. तुमच्या अमळनेरलाच साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना तिथलं छात्रालय सांभाळायचे. पोरं शाळेत गेली की त्यांची अंथरुणं आवरून ठेवायचे, अशी आठवण अजून सांगतात. तसं माणूस आज कुठं मिळणार, असं म्हणून सोडू नका, थोडंसं तसं कुठं कुठं असतंच. निकालाचा फलक भिंतीवर टांगलेला असेल, तो वाचायला वेळ घालवू नका. त्या बाईंना एक प्रश्न विचारा, "मागच्या वर्षी नवीन आलेल्यांपैकी किती मुली परत गेल्या, आणि का?" ज्या थांबून, आठवून, एकेकीचं कारण सांगतील त्यांच्या हाती पोर द्यायला हरकत नाही. "आमच्याकडून कोणी जात नाही" असं तडक उत्तर आलं तर आणखी दोघी पालकांशी बोला.

धाकट्याचा विचार कोणी करत नाही, तुम्ही केलात म्हणून सांगते. त्याला आदल्या रात्रीपर्यंत अंधारात ठेवू नका. तो पंधरा-वीस दिवस बहिणीच्या खाटेशी घुटमळेल, कदाचित तुमच्यावर चिडेल. त्याच्या हातानं दर आठवड्याला एक कागद पाठवा. अक्षरं जेमतेम येत असतील, बैल काढेल, विहीर काढेल, चालेल. वसतिगृहात आठवड्याला कागद येणाऱ्या पोरीचा एक वेगळाच मान असतो. तुम्हीही लिहा. आणि त्यात रडगाणं नको, अभ्यासाची चौकशीही नको. कपाशीला किती बोंडं लागली, गाय कधी व्याली, कानबाईला कोण कोण आलं, शेजारच्या म्हातारबांनी काय भांडण काढलं, हे लिहा. जमलं तर अहिराणीतच लिहा.

सासूबाईंना दारात निरोप देताना रडू द्या, त्यांना थांबवू नका. त्यांना एक काम सोपवा, दिवाळीला नातीला खापरावरचे मांडे शिकवायचं. तुम्ही मात्र शाळेच्या फाटकात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पेटी लावून द्या, शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं आणि तिच्या आईचं नाव विचारून घ्या, त्या आईचा नंबर घ्या, आणि निघा. परतीच्या एसटीत खिडकीची जागा धरा.